एकच बस, तीन लेख

*मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळीने काम करते. आमच्या मार्गावरची रात्री सव्वाअकराची शेवटची बस येत्या १ तारखेपासून बंद होणार आहे. फेरीला सरासरी ९च प्रवासी असतात, असं परिवहन विभागाचं म्हणणं. मी तीन रात्री त्या बसमध्ये डोकी मोजली : १६, १४ आणि १८. त्यावर नऊशे शब्द लिहून एका दैनिकाला पाठवले. एका ओळीचं उत्तर आलं : ‘ही बातमीही नाही, फीचरही नाही आणि अग्रलेखही नाही. काय ते एक ठरवा.’ माहिती तर तिन्हीकडे तीच राहणार ना? मग ठरवायचं म्हणजे नेमकं बदलायचं काय? लेख सोबत जोडला आहे.*
*– रात्रपाळीवाली*

ताई,

तुमचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. डेस्कवर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कॉपीवर रेघा मारल्या की ही खोड जात नाही. उत्तर देणारा माणूस तुसडा वाटला असेल, पण त्याचं निदान बरोबर आहे. तुमच्या नऊशे शब्दांत तीन लेख एकमेकांच्या पायात पाय घालून उभे आहेत.

सुरुवात पाहा : ‘रात्रीचे सव्वाअकरा. थांब्यावरच्या एकुलत्या दिव्याखाली चार-पाच जण मान वळवून रस्त्याकडे बघतायत.’ ही फीचरची सुरुवात, आणि चांगली आहे. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘प्रशासनाच्या या असंवेदनशील निर्णयामुळे’. हा अग्रलेखाचा सूर झाला. बस १ तारखेपासून बंद होणार, ही बातमी मात्र पाचव्या परिच्छेदात येते, तीही ‘दरम्यान’ या शब्दाला लटकून. शेवट ‘प्रशासनाने आता तरी जागे व्हावे’. म्हणजे वाचक आधी थांब्यावर उभा राहतो, मग चिडतो, मग त्याला कळतं की आपण कशावर चिडलो.

माहिती तीच राहते, हे तुमचं म्हणणं अर्ध्यापर्यंत खरं आहे. माहिती तीच, पण वाचकाला तिचं काय करायला लावायचं ते बदलतं, आणि त्याप्रमाणे तिची जागा बदलते. तुमच्याकडचा ९ हा आकडाच घेऊ. तिन्ही ठिकाणी तो येईल. बातमीत तो कुणीतरी सांगितलेला आकडा असेल. फीचरमध्ये ती माणसं असतील. अग्रलेखात तो खोडून काढायचा मुद्दा असेल. एवढं हाताशी धरलं की बाकीची रचना आपोआप सुटत जाते.

आधी बातमी. तिचं काम एवढंच की ज्याला काही माहीत नाही त्याला कमीत कमी वेळात कळावं : काय झालं, कुणी केलं, कधीपासून, कुणावर परिणाम. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी, त्याच्याहून कमी महत्त्वाचं नंतर, आणि नसलं तरी चालेल ते तळाला. याला उलटा पिरॅमिड म्हणतात. अभ्यासक्रमात तो आकृती काढून शिकवतात, पण त्यामागचं कारण फार व्यवहारी आहे. खिळे जुळवून पानं लागायची त्या काळात बातमी रकान्यात मावेना झाली की जुळारी तिच्या खालच्या ओळी उचलून बाजूला ठेवायचा. वाचत बसायला, निवडायला वेळ नसे. शेवटच्या परिच्छेदात मुद्द्याची गोष्ट ठेवणाऱ्या बातमीदाराची गोष्ट त्या बाजूच्या ढिगात जायची. आता कापणारा जुळारी नाही, वाचकच कापतो. दोन परिच्छेद वाचतो आणि पुढे सरकतो.

यावरून मी शिकाऊ उपसंपादकांना एक चाचणी सांगत असे. लेख खालून कापत जा. शेवटचा परिच्छेद झाका आणि वाचा, मग त्याच्या वरचा झाका आणि पुन्हा वाचा. बातमी असेल तर ती लहान होत जाते, पण मोडत नाही. शेवटी पहिला परिच्छेद उरतो आणि तोही एक पूर्ण बातमी असतो. फीचर असं कापलं की अर्धवट वाटतं, कारण त्याचा शेवट हा त्याचा भाग असतो. अग्रलेख कापला तर राग तेवढा उरतो आणि मागणी निघून जाते. तुमच्या लेखावर ही कात्री चालवली. खालचे चार परिच्छेद गेल्यावर जे उरलं त्यात बस बंद होणार हेच नव्हतं.

तुमच्याच मजकुरातून बातमीचा इंट्रो लिहून पाहू :

‘रुग्णालय मार्गावरील रात्री सव्वाअकराची शेवटची बस परिवहन विभाग येत्या १ तारखेपासून बंद करणार आहे. या फेरीला सरासरी ९ प्रवासीच मिळतात, असे विभागाने मंगळवारी काढलेल्या सूचनेत म्हटले आहे. पाळी संपवून रात्री अकरानंतर घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी या मार्गावर दुसरी बस नाही.’

तीन वाक्यं झाली. यात थांबा नाही, दिवा नाही, तुमचा राग तर नाहीच. त्यातल्या दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, ‘बंद करण्यात येणार आहे’ असं लिहिलेलं नाही. मराठी बातम्यांना ‘करण्यात आले’ची जुनी सवय आहे, आणि या रचनेत करणारा माणूस अलगद पडद्याआड जातो. परिवहन विभाग बंद करणार आहे ना, मग वाक्याचा कर्ता परिवहन विभाग. दुसरी गोष्ट, ९ या आकड्याला मालक दिला आहे. ‘या फेरीला ९ प्रवासी असतात’ असं लिहिलं तर ते बातमीदाराचं विधान होतं, आणि तुम्ही मोजलेल्या १६, १४, १८ नंतर ते विधान करायची तुमचीच तयारी नसेल. ‘असे विभागाने म्हटले आहे’ या शब्दांनी आकडा ज्याचा त्याच्या खात्यावर जमा होतो.

इथे क्रियापदांवर नजर ठेवा. ‘सांगितले’ आणि ‘म्हटले’ ही साधी क्रियापदं आहेत. ‘दावा केला’ म्हटलं की वाचकाला वाटतं हा माणूस बहुधा खोटं बोलतोय. ‘कबूल केले’ म्हटलं की आधी काहीतरी लपवत होता. ‘स्पष्ट केले’ म्हटलं की त्याचं म्हणणं खरंच आहे. बातमीत मत येऊ नये म्हणून विशेषणं खोडणारे पुष्कळ जण ते मत क्रियापदातून आत घेतात. तुमच्या लेखात अधिकारी तीनदा ‘दावा करतात’ आणि प्रवासी दर वेळी ‘सांगतात’. तुमच्या लक्षातही आलं नसेल.

आता एक गोष्ट सांगतो, तिच्यासाठी मी हे पत्र खास उत्तरासाठी निवडलं. तुमच्या सातव्या परिच्छेदात कंसात एक वाक्य आहे : ‘(वाहक म्हणाला, मशीनमध्ये तिकिटं मोजली जातात, पासवाले धरत नाहीत.)’ ताई, ही खरी बातमी आहे, आणि तुम्ही ती कंसात टाकून दिलीत. रोज त्याच वेळी कामावरून जाणारी माणसं तिकीट कशाला काढतील, त्यांच्याकडे पासच असणार. विभागाची सरासरी फक्त तिकिटांवरून काढली असेल तर ९ आणि १६ मधलं अंतर तिथेच आहे. निर्णय ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडाच अपुरा, ही बातमी ‘बस बंद होणार’ या बातमीपेक्षा मोठी आहे.

पण ती तशी लिहून टाकता येत नाही. वाहकाने सांगितलं ते एक सूत्र झालं, पुरावा नव्हे. त्याला त्याच्या मशीनचं माहीत आहे, मुख्यालयात सरासरी कशी काढतात हे माहीत असेलच असं नाही. तिथे पासधारकांसाठी वेगळा अंदाज धरत असतील. बातमीदार इथे विभागाला लेखी प्रश्न विचारतो : ९ ही सरासरी कोणत्या महिन्यांची, किती फेऱ्यांची, आणि तिच्यात पासधारक आहेत का? उत्तर आलं तर ते छापायचं, पटो वा न पटो. आलं नाही तर ‘याबाबत विचारणा केली असता उत्तर मिळाले नाही’ हे वाक्य छापायचं, पण खरंच विचारून आणि उत्तराला पुरेसा वेळ देऊन. संध्याकाळी सहाला फोन करून साताला पान सोडलं तर ते वाक्य लबाडीचं होतं. वाहकाचं नाव घालू नका, आणि तो ओळखू येईल असा तपशीलही नको. फेरी एकच आहे, तिच्यावरची माणसं दोन-तीनच असणार.

तुमच्या मोजणीचंही तसंच. तीन रात्रींची सरासरी १६ येते, गणित बरोबर आहे. पण तीन रात्री म्हणजे महिना नव्हे. त्या कोणत्या वारी होत्या? पाळी बदलायचे दिवस होते का? सुट्टीच्या रात्री तीच बस रिकामी धावत असेल. बातमीत हा आकडा जरूर घाला, पण ‘तीन रात्री प्रत्यक्ष मोजले असता अनुक्रमे १६, १४ आणि १८ प्रवासी आढळले’ असा, वारांसकट. ‘विभागाचा आकडा खोटा’ असं म्हणण्याइतका तो भक्कम नाही. विभागाला प्रश्न विचारण्याइतका मात्र नक्की आहे.

बातमी किती कोरडी असू शकते आणि तरी हादरवू शकते, याचं उदाहरण मला नेहमी २२ नोव्हेंबर १९६३चं आठवतं. डॅलसमध्ये दुपारी साडेबाराला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १२ वाजून ३४ मिनिटांनी यूपीआय या वृत्तसंस्थेच्या तारेवर पहिली ओळ आली. तिचा आशय एवढाच होता की डॅलसच्या मध्यवर्ती भागात राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडण्यात आल्या. गोळी कुणाला लागली, हे त्या ओळीत नाही, कारण ते अजून पक्कं नव्हतं. जेवढं माहीत आहे तेवढंच बातमी सांगते आणि थांबते.

त्याच घटनेची दुसरी टोकाची नोंद काही दिवसांनी आली. अंत्यविधीसाठी जगभरचे पत्रकार राष्ट्रप्रमुखांकडे बघत होते, तेव्हा न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा जिमी ब्रेस्लिन आर्लिंग्टनच्या दफनभूमीत कबर खणणाऱ्या माणसाकडे गेला. क्लिफ्टन पोलार्ड त्याचं नाव. त्याला तासाला ३ डॉलर १ सेंट मिळत. प्रत्यक्ष अंत्यविधीच्या वेळी तो तिथे नव्हता, टेकडीमागे दुसऱ्या कबरी खणत होता. ब्रेस्लिन स्तंभलेखक होता आणि ते लेखन त्याच्या स्तंभात आलं, तरी फीचर म्हणजे काय हे शिकवायला आजही तेच पुढे केलं जातं. त्यात नवी बातमी एकही नाही. राष्ट्राध्यक्ष गेले हे सगळ्यांना माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते एवढंच की त्या दिवशी एका माणसाला हे काम म्हणून करावं लागलं, आणि ते करताना त्याचा दिवस कसा गेला.

म्हणजे फीचरचं काम ‘काय झालं’ सांगणं नाही, ‘ते जवळून कसं असतं’ हे दाखवणं आहे. त्याची सुरुवात दृश्याने, एखाद्या माणसाने किंवा विसंगतीने होऊ शकते. तुमचा थांबा आणि तो दिवा इथे शोभतो. पण वाचक दृश्यात फार वेळ तग धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत त्याला कळावं लागतं की मला या थांब्यावर का आणलंत. त्या परिच्छेदाला इंग्रजी वृत्तपत्रवाले नट ग्राफ म्हणतात, मी गाभ्याचा परिच्छेद म्हणतो. बातमीचा इंट्रो जणू उशिरा येऊन तिथे बसतो : ‘ही बस १ तारखेनंतर येणार नाही. फेरीला सरासरी ९ प्रवासी, असं विभागाची सूचना म्हणते. आज बसमध्ये १८ आहेत, आणि त्यातले बरेचसे एकमेकांना नावाने ओळखतात.’ तुमच्या लेखात हाच परिच्छेद हरवला आहे. थांब्यावरून तुम्ही थेट संतापात उतरता.

यानंतर फीचर दृश्य आणि माहिती यांच्यात येरझाऱ्या घालतं. बस सुटते, मध्येच मागे जाऊन ही फेरी कुणासाठी सुरू झाली ते सांगता येतं, पुन्हा बसमध्ये येता येतं. इथे आकड्यांची माणसं होतात, आणि तीही निवडून. अठराच्या अठरा आणू नका. दोन-तीन पुरेत, ज्यांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत. तुमच्या टिपणांतल्या त्या सुरक्षारक्षकाचं मला कुतूहल आहे. सगळे घरी निघालेले, तो एकटाच कामावर चाललेला. बस बंद झाली तर इतरांना घरी पोचायला उशीर होईल, त्याची पाळीच जाईल. तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीत आणि स्वतःच्या दगदगीला दोन परिच्छेद.

फीचरचा शेवट आधीपासून डोक्यात असावा लागतो. बातमीला शेवट नसतो, ती फक्त संपते. फीचर कुठेतरी पोचतं. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी होते, चालक आरशात मागे एकदा बघतो आणि दिवे घालवतो, असं काहीतरी, जर तुम्ही ते पाहिलं असेल तर.

ते ‘जर’ फार महत्त्वाचं आहे. फीचर कथेची मांडणी उसनी घेतं, कथेची मुभा घेत नाही. १९८० साली वॉशिंग्टन पोस्टमध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या एका आठ वर्षांच्या मुलावरचा लेख आला. पुढच्या वर्षी त्याला फीचर लेखनाचं पुलित्झर पारितोषिकही मिळालं. मग उघड झालं की असा मुलगा अस्तित्वातच नव्हता, आणि पारितोषिक परत करावं लागलं. अशी मुलं शहरात असतील हे खरं असेलही, पण फीचरमध्ये ‘अशी असतील’ चालत नाही, ‘हा आहे’ लागतं. दोन प्रवाशांची मिळून एक ‘वहिनी’ करायचा मोह तुम्हाला होईल, कारण एकीचं बोलणं छान आहे आणि दुसरीची अडचण मोठी आहे. करू नका. माणूस काय विचार करत होता हेही त्याने सांगितल्याशिवाय लिहू नका. तुमच्या लेखात ‘ती मनाशी म्हणत होती’ असं आहे. ती तुम्हाला तसं म्हणाली होती का?

नमुन्याचा प्रश्नही आहेच. फीचर एका रात्रीवर उभं असेल तर वाचक ती रात्र रोजची समजतो. १८ प्रवाशांची रात्र निवडलीत तर एका रात्री १४च होते, हेही कुठेतरी येऊ द्या. त्याने लेख कमजोर होत नाही.

अग्रलेखाबद्दल मात्र आधी एक अडचण सांगायला हवी. तो तुम्ही लिहूच शकत नाही. तुमची कुवत कमी म्हणून नव्हे. अग्रलेख हे त्या वृत्तपत्राचं स्वतःचं मत असतं, म्हणून त्यावर सहसा कुणाचं नाव नसतं आणि लिहिणारा ‘मी’ म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ‘द सन’ने १८९७ साली एका आठ वर्षांच्या मुलीच्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेला सांताक्लॉजवरचा अग्रलेख जगभर गाजला. तो फ्रान्सिस चर्च यांनी लिहिला, हे १९०६ साली त्यांच्या निधनानंतरच जाहीर झालं. बाहेरच्या माणसाने सही करून पाठवलेलं मत हा लेख असतो, किंवा वाचकाचं पत्र. न्यूयॉर्क टाइम्सने १९७० साली अशा बाहेरच्या मतांसाठी अग्रलेखाच्या समोरचं पान वेगळं काढलं ते याच भेदामुळे : इकडे वृत्तपत्राचं मत, समोर इतरांचं.

तरी अग्रलेखाची बांधणी तुम्हाला उपयोगी पडेल, कारण कुठल्याही मताच्या लेखाला तीच लागते. बातमीचा प्रसंग दोन-तीन वाक्यांत उरकायचा, कारण वाचकाने बातमी वाचली आहे असं धरलेलं असतं. मग आपली भूमिका, आडपडदा न ठेवता. अग्रलेखाला मत असल्याबद्दल माफी मागावी लागत नाही, तेच त्याचं काम आहे. मात्र तिथलेही आकडे खरेच लागतात. त्यानंतर समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा घ्यायचा, आणि इथेच बहुतेक जण गडबडतात. तुम्ही विभागाला ‘असंवेदनशील’ म्हणून मोकळ्या झालात. पण विभागाचा मुद्दा असंवेदनशील नाही, तो हिशेबाचा आहे : चालक कमी आहेत, आणि ९ जणांसाठी एक चालक रात्री अडकवला तर सकाळी गच्च भरलेली एक फेरी कमी होते. हे त्यांच्या बाजूने नीट मांडल्याशिवाय तुमचं खंडन वाऱ्यावर जातं.

खंडन असं होऊ शकतं : सकाळची फेरी चुकली तर प्रवाशाला पुढची बस मिळते, रात्रीची शेवटची चुकली तर काहीच मिळत नाही. म्हणून दिवसाच्या फेरीला लावायची सरासरी शेवटच्या फेरीला लावता येत नाही. पाहा, इथे आकडा ९ आहे की १६ याला फारसं महत्त्वच उरलं नाही. बातमीत ज्या आकड्याचा मालक शोधला, फीचरमध्ये ज्याची माणसं केली, त्याच आकड्याला अग्रलेख म्हणतो की ही मोजपट्टीच चुकीची आहे. शिवाय पासांचं प्रकरण उद्या चुकीचं निघालं, विभागाने खरोखरच पासवाले धरलेले असले, तरी हा युक्तिवाद पडत नाही.

शेवटी मागणी. ‘प्रशासनाने जागे व्हावे’ ही मागणी नव्हे, कारण प्रशासन जागं झालं की नाही हे कधीच तपासता येत नाही. ‘विचार व्हायला हवा’, ‘भान ठेवायला हवे’ ही वाक्यंही त्याच माळेतली. कुणी, काय, कधीपर्यंत, एवढं तरी त्यात यावं. उदाहरणार्थ, परिवहन व्यवस्थापकांनी पासधारकांसह एक महिना पुन्हा मोजणी करावी, आणि तोवर ही फेरी चालू ठेवावी. ते ती मागणी फेटाळू शकतात, पण ऐकलीच नाही असं म्हणू शकत नाहीत. आपल्याकडे १८९७ सालचा केसरीचा ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा अजून लोकांच्या तोंडी आहे. त्यात बातमी कणभर नाही, पण कुणाला विचारतोय आणि काय विचारतोय, दोन्ही पाच शब्दांत आहे.

आता तुम्ही काय करायचं. या बसने तुम्ही स्वतः प्रवास करता. ती बंद झाली तर तुमचं नुकसान आहे. म्हणून बातमी तुम्ही लिहू नका, ती बातमीदाराला द्या : सूचनेचा फोटो, तीन रात्रींची वारांसह मोजणी, आणि पासांबद्दलचा प्रश्न. आपण त्याच बसचे प्रवासी आहोत हेही त्याला सांगा. बातमीत तुम्ही फार तर एक प्रवासी म्हणून याल. हे आजच करा, कारण १ तारीख उलटल्यावर या बातमीची धार जाईल.

मत पत्रात लिहा, अडीचशे शब्दांत. तिथे तुमचं प्रवासी असणं आड येत नाही, उलट तुम्हाला बोलायचा अधिकारच त्यातून मिळतो. पहिल्याच वाक्यात ते सांगून टाका. शेवटच्या फेरीला सरासरी लावता येत नाही, एवढा एकच मुद्दा घ्या. थांबा, दिवा, सुरक्षारक्षक यातलं काही त्यात आणू नका.

आणि फीचर लिहा. तुमच्याकडे असलेलं उत्तम सामान तिथलंच आहे. पुरवणीच्या संपादकांना आधी चार ओळींत विचारा, आपण नेहमीच्या प्रवासी आहोत हे त्यातच कळवा, आणि लेखातही ‘मी’ उघडपणे येऊ द्या. त्यासाठी पुन्हा एकदा, या वेळी वही घेऊन, बसमध्ये बसा. प्रवाशांना आपण लिहिणार आहोत हे सांगा, नावं छापू का ते विचारा. सुरक्षारक्षकाला विचारा की १ तारखेला तो काय करणार आहे. त्याने अजून ठरवलं नसेल तर तेही लिहून घ्या.

फक्त महिन्याची शेवटची रात्र धरू नका. त्या रात्री बसला निरोप द्यायला लोक येतील, फोटो काढणारे येतील, एरवी कधीही न बसणारे चार जण हौसेने बसतील, आणि तुमची मोजणी तीसवर जाईल. एखादा साधा बुधवार बघा.